फर्म, संस्था की माणसे? दाव्याच्या मजकुरात क्रियापद कोणामागे चालवायचे

प्रश्न : सर, मी सोलापुरात वकिलांकडे दाव्यांचे मराठी मसुदे तयार करते. सध्याच्या कामात वादी सहकारी संस्था आहे, प्रतिवादी भागीदारी फर्म आहे, आणि तिचे तीन भागीदारही प्रतिवादी आहेत (दोन भाऊ आणि एकाची पत्नी). ‘प्रतिवादी करते’ लिहू, ‘करतो’ लिहू की ‘करतात’? ‘प्रतिवादीने रक्कम दिली नाही’ बरोबर की ‘प्रतिवादींनी रक्कम दिले नाहीत’? दोन वकील दोन तऱ्हेने दुरुस्त्या करतात. नक्की काय धरायचे?

उत्तर : ‘रक्कम दिले नाहीत’ हे कोणत्याही हिशेबाने चूक आहे, ते आधी काढून टाका. बाकीच्याचे उत्तर त्या वाक्यात कर्ता कोण यावर आणि क्रियापद कर्त्यामागे चालते आहे की कर्मामागे यावर ठरते. या दोन गोष्टी वेगळ्या पाहिल्या नाहीत म्हणूनच दोन वकिलांच्या दुरुस्त्या जुळत नाहीत. एक जण कर्ता पाहतो, दुसरा कर्म.

कर्त्यापासून सुरुवात करू. ‘वादी’ आणि ‘प्रतिवादी’ या शब्दांना स्वतःचे लिंग नाही, आणि त्यांचे एकवचन-अनेकवचनही सारखेच दिसते. वादी पुरुष असेल, बाई असेल, संस्था असेल किंवा दहा जण असतील, शब्द ‘वादी’च राहतो. म्हणून लिंग-वचन ठरवायचे ते त्या शब्दामागे जे उभे आहे त्यावरून. संस्था, फर्म, पेढी, कंपनी, बँक, सोसायटी, सूतगिरणी, महानगरपालिका हे सगळे स्त्रीलिंगी, एकवचनी. संघ, न्यास, कारखाना पुल्लिंगी. मंडळ आणि महामंडळ नपुंसकलिंगी. त्यामुळे ‘वादी संस्था सूत विकते’, ‘वादी संघ सूत विकतो’, ‘वादी मंडळ सूत विकते’ अशी वाक्ये होतात. शेकडो सभासद असले तरी संस्था एकच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३६ ने नोंदलेल्या संस्थेला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व दिले आहे. ती स्वतःच्या नावाने दावा लावते आणि तिच्यावरही तिच्याच नावाने दावा होतो. तेव्हा ‘वादी संस्था सूत विकतात’ हे व्याकरणानेही चूक आणि कायद्यानेही.

आपल्याकडे ही चूक वारंवार दिसण्याचे एक कारण सोलापूरच्या बोलण्यात आहे. घरात कन्नड किंवा तेलुगू आणि कामात मराठी, असे इथे पुष्कळ जणांचे असते. त्या भाषांत संस्था-कंपनीसारख्या निर्जीव गोष्टींना मराठीसारखे पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते. त्यामुळे ‘संस्था हे’, ‘फर्म हा’ असे हाताखालून निघून जाते. त्याला उपाय सोपा आहे. ‘प्रतिवादी’नंतर लगेच जातिवाचक शब्द लिहा : प्रतिवादी फर्म, प्रतिवादी संघ, प्रतिवादी मंडळ. तो शब्द समोर असला की क्रियापद आपोआप जुळते. ‘ट्रस्ट’सारख्या शब्दाचे लिंग लोक वेगवेगळे धरतात. तिथे ‘न्यास’ लिहिले की वाद उरत नाही.

फर्मच्या नावाकडे पाहून क्रियापद ठरवू नका. ‘अबक टेक्स्टाईल्स’मधला शेवटचा ‘स’ इंग्रजी अनेकवचनाचा आहे, मराठी क्रियापदाला त्याचे देणेघेणे नाही. ‘प्रतिवादी फर्म टॉवेल तयार करते’ हेच बरोबर. ‘मे.’ लावले की त्यापुढे ‘यांनी’ येण्याचा प्रघात आहे : ‘मे. अबक टेक्स्टाईल्स यांनी’. पत्रात ते चालून जाते. दाव्यात मात्र एकदा पूर्ण नाव दिले की पुढे ‘प्रतिवादी क्र. १ फर्मने’ असेच लिहावे.

फर्मची कायद्यातली स्थिती संस्थेसारखी नाही, आणि तिथेच मसुद्यात खरी अडचण येते. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४ प्रमाणे फर्म म्हणजे भागीदारांचे मिळून सामुदायिक नाव. ती भागीदारांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती नाही. (एलएलपी मात्र २००८ च्या अधिनियमाने वेगळी व्यक्ती आहे, तिला संस्थेसारखेच धरा.) म्हणून कोणी म्हणतो, फर्म म्हणजे भागीदारच, तेव्हा ‘करतात’ लिहा. हे मला पटत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३० ने फर्मच्या नावाने दावा लावण्याची आणि झेलण्याची सोय दिली आहे. त्या नावाने लिहीत असाल तर व्याकरणातला कर्ता ‘फर्म’ हा शब्द आहे, आणि तो एकवचनी आहे. भागीदारांविषयी सांगायचे असेल तेव्हा ‘भागीदार’ हा कर्ता घ्या, अनेकवचनात. एकाच वाक्यात दोघांची सरमिसळ करू नका.

एकट्या मालकाची पेढी असेल तर कर्ता माणूसच असतो. आदेश ३० च्या नियम १० प्रमाणे अशा मालकावर व्यापारी नावाने दावा करता येतो, पण त्याला वादी व्हायचे असेल तर स्वतःच्या नावाने व्हावे लागते. म्हणून वादी पुरुष असेल तर ‘वादी हा अबक ट्रेडर्स या नावाने व्यवसाय करतो’, बाई असेल तर ‘वादी ही ... व्यवसाय करते’.

आता दुसरा भाग, क्रियापद कोणामागे चालते. वर्तमान आणि भविष्यकाळात क्रियापद कर्त्यामागे जाते : फर्म विकते, भागीदार विकतात, फर्म जबाबदार राहील, भागीदार जबाबदार राहतील. भूतकाळात अकर्मक क्रियापदही कर्त्यामागेच जाते : फर्म गैरहजर राहिली, मंडळ हजर झाले, संघ हजर झाला. पण भूतकाळातले क्रियापद सकर्मक असेल तर कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो आणि क्रियापद कर्माकडे वळते. संस्थेने सूत दिले, संस्थेने माल दिला, संस्थेने बिले दिली. देणारी संस्था तीच, क्रियापद तीन तऱ्हेचे. म्हणून ‘प्रतिवादींनी रक्कम दिले नाहीत’ चूक. ‘रक्कम’ स्त्रीलिंगी एकवचनी, तेव्हा ‘रक्कम दिली नाही’. न देणारे चौघे असले तरी ‘दिली नाही’च. ‘नाहीत’ हवे असेल तर कर्म अनेकवचनी पाहिजे : ‘हप्ते दिले नाहीत’, ‘बिलांचे पैसे दिले नाहीत’.

‘द्यावे’च्या वाक्यातही हाच नियम, आणि मागणीच्या कलमात तो सगळ्यात जास्त चुकतो. ‘प्रतिवादींनी रु. २,४०,००० द्यावेत’ यातले ‘द्यावेत’ रुपयांमुळे आले आहे, प्रतिवादी अनेक आहेत म्हणून नाही. एकच प्रतिवादी असता तरी ‘प्रतिवादीने रु. २,४०,००० द्यावेत’ असेच होते. ‘एवढी रक्कम’ जोडले की चौघांच्या बाबतीतही ‘द्यावी’ : ‘प्रतिवादी क्र. १ ते ४ यांनी रु. २,४०,००० एवढी रक्कम द्यावी’.

कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागले तर क्रियापद कोणामागेच जात नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबते. ‘संस्थेने तीन महिला सभासदांना वगळले.’ इथे ‘वगळल्या’ लिहिणे चूक, कारण ‘सभासदांना’ला प्रत्यय लागला आहे. प्रत्यय नसेल तर ‘तीन महिला सभासद वगळल्या’ चालेल.

कर्मामागे जाणाऱ्या क्रियापदातून कर्ता एक की अनेक हे कळत नाही. ‘प्रतिवादी यांनी माल ताब्यात घेतला’ हे वाक्य वाचा. क्रियापद ‘माल’बरोबर गेले. ‘प्रतिवादी’ हा शब्द एकाला आणि चौघांना सारखाच. ‘यांनी’ आदरार्थी आहे की अनेकवचनी, तेही कळत नाही. माल एकाने घेतला की चौघांनी, फर्मने घेतला की भागीदाराने, हे वाक्यात कुठेच नाही. विरुद्ध पक्षाचा वकील कैफियतीत नेमका इथेच बोट ठेवतो. म्हणून अशा वाक्यांत संख्या क्रियापदावर सोपवू नका, कर्त्यातच लिहा : ‘प्रतिवादी क्र. २ याने’, ‘प्रतिवादी क्र. ४ हिने’, ‘प्रतिवादी क्र. २ ते ४ या तिघांनी’.

याच कारणासाठी दाव्यात पक्षकाराला आदरार्थी अनेकवचन टाळावे असे माझे मत आहे. बरेच जण सभ्यतेसाठी ‘वादी यांनी’ लिहितात, त्यामागची भावना मी समजू शकतो. अनुक्रमांक असेल तर त्याने बिघडत नाही. ‘प्रतिवादी क्र. २ यांनी’ म्हटले की माणूस एकच, हे क्रमांकच सांगतो. क्रमांक नसेल तर मात्र आदर आणि अनेकवचन वेगळे काढता येत नाहीत.

टाईप करताना एका अनुस्वाराकडे विशेष लक्ष द्या. ‘प्रतिवादीने’ एकवचन, ‘प्रतिवादींनी’ अनेकवचन किंवा आदरार्थी. ‘दी’वरचा अनुस्वार गळला की ‘प्रतिवादीनी’ होते. तो शब्द एकवचनही नाही आणि अनेकवचनही नाही, आणि वाचणारा त्याला हवा तसा दुरुस्त करून घेतो. ‘प्रतिवादीला’ आणि ‘प्रतिवादींना’ यांचेही तसेच. ‘संस्थेनी’ हे बोलण्यात ऐकू येते, लिहिताना ‘संस्थेने’.

आता तुमच्या प्रकरणासारखा परिच्छेद घेऊ. समजा वादी संस्थेने फर्मला टॉवेलसाठी उधारीवर सूत दिले, रु. २,४०,००० येणे आहे, आणि माल दोन भावांपैकी थोरल्याने, म्हणजे प्रतिवादी क्र. २ ने, उतरवून घेतला. अशा मसुद्यात सहसा पुढील मजकूर येतो :

> वादी संस्था हे नोंदणीकृत असून ते सूत विक्रीचा व्यवसाय करतात. प्रतिवादी हे फर्म असून ते टॉवेल तयार करतात. प्रतिवादी यांनी वादीकडून सूत खरेदी केली व माल ताब्यात घेतले. प्रतिवादीनी रक्कम दिले नाहीत. सबब प्रतिवादी सदर रक्कम देण्यास जबाबदार आहे.

पहिल्या वाक्यात ‘हे’ आणि ‘ते’ दोन्ही चूक, संस्था स्त्रीलिंगी आहे. ‘सूत खरेदी केली’त सूत नपुंसकलिंगी, म्हणून ‘केले’. ‘माल घेतले’त माल पुल्लिंगी, म्हणून ‘घेतला’. पण या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या झाल्या. खरा धोका शेवटच्या वाक्यात आहे. ‘प्रतिवादी जबाबदार आहे’ हे एकवचन आहे, आणि मथळ्यात चार प्रतिवादी आहेत. त्यांतला कोणता? आधी ‘प्रतिवादी हे फर्म’ म्हटले आहे, तेव्हा फक्त फर्मच जबाबदार, असा अर्थ सरळ काढता येतो. भागीदारी अधिनियमाच्या कलम २५ ने प्रत्येक भागीदार इतरांबरोबर आणि एकटाही जबाबदार असतो. ती जबाबदारी मांडायची जागा हीच, आणि एका ‘आहे’ने ती पुसट होते.

हाच मजकूर असा लिहावा :

> वादी ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली संस्था असून ती सूत विक्रीचा व्यवसाय करते. प्रतिवादी क्र. १ ही भागीदारी फर्म आहे. ती टॉवेल तयार करून विकते. प्रतिवादी क्र. २ ते ४ हे तिचे भागीदार आहेत. प्रतिवादी क्र. १ फर्मने वादी संस्थेकडून उधारीवर सूत खरेदी केले. तो माल प्रतिवादी क्र. २ याने फर्मकरिता ताब्यात घेतला. प्रतिवादी क्र. १ फर्मने किंवा प्रतिवादी क्र. २ ते ४ यांपैकी कोणीही मालाची रक्कम दिली नाही. सबब प्रतिवादी क्र. १ ते ४ हे सर्व जण सदर रक्कम देण्यास संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार आहेत.

इथे प्रत्येक वाक्यात कर्ता कोण हे स्पष्ट आहे आणि प्रतिवादी क्रमांकाने दिले आहेत. फर्म जे करते ते फर्मच्या नावावर, हाताने जे झाले ते माणसाच्या नावावर. फर्म माल उतरवून घेत नाही, फर्मकरिता कोणीतरी माणूस घेतो. शेवटी ‘हे सर्व जण’ आणि ‘आहेत’ यांनी अनेकवचन पक्के केले. पण ‘आहेत’मधून संयुक्त जबाबदारी कळत असली तरी प्रत्येकाची वेगळी जबाबदारी कळत नाही, म्हणून ‘संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या’ हे शब्द लिहावेच लागतात. एकेकट्याची जबाबदारी ठसवायची असेल तर आणखी एक वाक्य जोडा : ‘प्रतिवादी क्र. २ ते ४ पैकी प्रत्येक जण संपूर्ण रकमेस जबाबदार आहे.’ ‘प्रत्येक’, ‘कोणीही’, ‘पैकी एक’ या शब्दांनंतर क्रियापद एकवचनी राहते, आधी कितीही जणांची नावे असोत.

भागीदारांची नावे आणि क्रमांक वेगळे देण्याचे महत्त्व पुढे दरखास्तीत कळते. फर्मविरुद्धच्या हुकूमनाम्याची बजावणी फर्मच्या मालमत्तेवर सरळ होते. भागीदाराच्या स्वतःच्या मालमत्तेवर ती करायची तर आदेश २१, नियम ५० लागू होतो. त्यात भागीदार म्हणून हजर झालेला, भागीदारी कबूल केलेला, तसा ठरवला गेलेला, किंवा भागीदार म्हणून ज्याच्यावर व्यक्तिशः समन्स बजावूनही जो हजर झाला नाही असा माणूस येतो. इतरांविरुद्ध जायचे तर न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून दाव्यात ‘फर्म’ आणि ‘भागीदार’ हे दोन कर्ते पहिल्या परिच्छेदापासून वेगळे चालले पाहिजेत.

तुमच्या तीन भागीदारांत एक बाई आहे, तेव्हा लिंगाचाही प्रश्न येईल. वर्तमानकाळात तो येत नाही, ‘करतात’ सर्वांना सारखेच. भूतकाळात येतो. बोलण्यात ‘नवरा-बायको आली’ असे नपुंसकलिंगी अनेकवचन येते आणि ते चांगले मराठी आहे. पण ‘आली’ हेच रूप एकट्या बाईलाही लागते, म्हणून दाव्यात ते नको. पुरुष आणि बायका मिळून असतील तेव्हा पुल्लिंगी अनेकवचन लिहा : ‘प्रतिवादी क्र. २ ते ४ हे हजर झाले’. फक्त बायका असतील तर ‘या हजर झाल्या’. ‘हे’ या शब्दाबद्दल आणखी एक सावधगिरी ठेवा. ‘वादी हे मंडळ आहे’मधले ‘हे’ नपुंसकलिंगी एकवचन, ‘वादी हे भाऊ आहेत’मधले ‘हे’ पुल्लिंगी अनेकवचन. दिसायला दोन्ही सारखे, फरक फक्त ‘आहे’ आणि ‘आहेत’चा.

अनेक वस्तू कर्म असतील तेव्हा क्रियापद शेवटच्या वस्तूमागे जाते आणि आधीच्या सुटल्यासारख्या वाटतात. ‘संस्थेने चार यंत्रमाग, एक वार्पिंग मशीन व गाळा गहाण दिला.’ इथे ‘दिला’ फक्त गाळ्याला जुळते. ‘ही सर्व मालमत्ता गहाण दिली’ असा गोळा करणारा शब्द शेवटी घातला की क्रियापद सगळ्यांना कवेत घेते. खरेदीखतात यासाठी ‘मिळकत’ हा शब्द सोयीचा आहे.

‘तर्फे’ची जागा कर्ता बदलते, तीही पाहा. मथळ्यात ‘अबक सहकारी संस्था मर्यादित, सोलापूर, तर्फे सचिव’ असे असते. तिथे पक्षकार संस्था आहे, आणि मजकुरात क्रियापद संस्थेमागेच जाते. ‘संस्थेतर्फे सचिव सही करतो’ असे वाक्य केले तर कर्ता सचिव होतो. प्रतिज्ञापत्रात मात्र कर्ता नेहमी माणूसच, कारण शपथ संस्थेला घेता येत नाही. तिथे ‘मी, वादी संस्थेची सचिव, प्रतिज्ञेवर सांगते की’ असे सुरू करायचे, आणि ‘की’नंतर संस्थेविषयी पुन्हा तृतीय पुरुषात यायचे : ‘वादी संस्थेने दि. ... रोजी सूत दिले’. ‘की’नंतर ‘आम्ही सूत दिले’ असे घसरू देऊ नका. त्या ‘आम्ही’त सचिव किती आणि संस्था किती, हे उलटतपासात विचारले जाते.

मसुदा संपल्यावर संगणकावर आधी ‘यांनी’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी आधीचा क्रमांक आहे का ते पाहा. मग ‘दीनी’ शोधा, गळलेला अनुस्वार लगेच सापडतो. त्यानंतर ‘प्रतिवादी’ शोधून क्रमांकाशिवाय आलेले प्रत्येक ‘प्रतिवादी’ तपासा. शेवटी मागणीचे कलम वेगळे वाचा, आणि त्यातल्या ‘द्यावी’, ‘द्यावेत’, ‘जबाबदार’ या तीन शब्दांसमोर अनुक्रमे रक्कम, रुपये आणि प्रतिवादींचे क्रमांक बोटाने जुळवून घ्या. ते तिन्ही जुळले की मसुदा वकिलांकडे सहीसाठी द्या.